सेम मॉडेलची एलईडी स्ट्रिप, पण नव्या रोलचा रंगच वेगळा : घोळ कुठे आहे आणि काय करायचं

हा प्रॉब्लेम दर दोनतीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पीओपीच्या कोव्हमधे, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, स्ट्रिप लावलेली असते, वर्षभराने त्यातला एक रोल जातो, त्याच दुकानातून त्याच मॉडेलचा, त्याच खोक्यातला, त्याच 'वॉर्म व्हाइट ३००० केल्विन' छापलेला रोल आणून लावतो आणि लाइट चालू केली की अर्धी भिंत एका रंगाची, अर्धी दुसऱ्याच रंगाची. मग दुकानदाराशी भांडण, इलेक्ट्रिशियनशी भांडण, आणि शेवटी "चायना माल आहे, काय करणार" म्हणून सोडून द्यायचं. माल चायनाचाच आहे हे खरं, पण चायनाचा आहे म्हणून असं होतं हे खरं नाही, कारण उत्तम स्ट्रिपसुद्धा तिकडूनच येतात.

माझ्या हातची केस सांगतो. चिंचवडला एका काकूंचा हॉल, कोव्ह ४ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे चारी बाजू मिळून १४ मीटर. तीन रोल घेतले होते ५-५ मीटरचे, तिसऱ्यातला १ मीटर उरला तो ड्रॉवरमधे ठेवून दिला (ही सवय फार कामी आली, पुढे येतंच). स्ट्रिप १२ व्होल्टची, २८३५ एलईडी, मीटरला १२० एलईडी, ९.६ वॅट मीटरला. पावसाळ्यात खिडकीकडच्या स्लॅबमधून पाणी झिरपलं आणि एक रोल गेला. नवा आणून लावला, बटण दाबलं, आणि काकू सोफ्यावरूनच म्हणाल्या, "अरे ही बाजू काविळीतनं उठल्यासारखी का दिसतीय?" खरंच, नवा तुकडा हिरवट पिवळा मारत होता. तो काढून ठेवला आणि अजून एक आणला तर तो चक्क गुलाबीकडे झुकलेला. तीन खरेद्या, एकच मॉडेल नंबर, तीन रंग.

आधी सगळ्यांचा पहिला संशय घेऊ, व्होल्टेज. कुणीही पहिलं हेच सांगतो की लांब वायर आहे, व्होल्टेज पडतंय, म्हणून रंग बदलतोय. व्होल्टेज पडतं यात वाद नाही, ५ मीटरचा हा रोल पूर्ण चालू असताना साधारण ४ अँपिअर खेचतो आणि स्ट्रिपमधला तांब्याचा थर पातळ असतो, त्यामुळे माझ्या मीटरवर सुरुवातीला १२ व्होल्ट आणि शेपटाला १०.७ दिसले. पण यानं नेमकं काय होतं ते बघा. पांढऱ्या १२ व्होल्टच्या स्ट्रिपमधे तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ रेझिस्टरवर जातात. शेपटाला १०.७ च पोचले तर रेझिस्टरच्या वाट्याला १.७, म्हणजे करंट जवळपास निम्म्याला येतो. प्रकाश चांगलाच मंदावतो, पण पांढऱ्या एलईडीचा रंग त्यानं फारसा हलत नाही.

आरजीबी स्ट्रिपमधे मात्र हलतो, आणि तिथूनच हा गैरसमज आलाय असं माझं मत आहे. लाल एलईडी साधारण २ व्होल्टची, निळी आणि हिरवी ३ च्या आसपास. त्यामुळे तीन लाल मिळून ६ व्होल्ट घेतात आणि त्यांच्या रेझिस्टरकडे ६ व्होल्टची ऐसपैस जागा असते, १.३ व्होल्ट गेले तरी लालचा करंट पाऊणभर टिकतो, निळा-हिरवा तेवढ्यात निम्म्यावर येतो. म्हणून आरजीबीवर केलेला पांढरा शेपटाकडे लालसर होत जातो. तुमची स्ट्रिप आरजीबी असेल आणि रंग हळूहळू, टप्प्याटप्प्याने लाल होत जात असेल तर आधी दोन्ही टोकांना सप्लाय द्या, पुढचं वाचायची गरजही पडणार नाही कदाचित.

ओळखायची खूण सोपी आहे : व्होल्टेजचा फरक हा उतारासारखा असतो, कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मालाचा फरक हा कापल्यासारखा असतो, जिथे जुना रोल संपला तिथे रेघ. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ५ मीटरचा रोल मुळात एका अखंड पट्टीचा नसतोच, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या पट्ट्या टाके मारून जोडलेल्या असतात. रोल उलगडून बघा, दर ५० सेंटीमीटरला टाक्याचा फुगवटा बोटाला लागेल. त्यामुळे स्वस्त मालात एकाच रोलच्या आतसुद्धा एखाद्या टाक्यापासून रंग बदललेला सापडतो.

आता मूळ कारण. पांढरी एलईडी अशी काही नसतेच, आत चिप असते ती निळी, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर सिलिकॉनमधे कालवलेली पिवळी फॉस्फर पावडर ओतलेली असते. निळ्या उजेडातला काही भाग पावडर गिळते आणि पिवळा करून बाहेर टाकते, काही निळा तसाच निसटतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. वॉर्म व्हाइटला पावडर जास्त आणि त्यात लालसर जातीची मिसळलेली, कूल व्हाइटला कमी. लाइट बंद असताना दोन्ही शेजारी ठेवून बघा, वॉर्मचा ठिपका गडद केशरट पिवळा दिसतो आणि कूलचा फिका लिंबासारखा.

म्हणजे हा सगळा खेळ फोडणीतल्या हळदीचा आहे. चमचा तोच, पण पातेल्यात कधी चिमूट इकडे, कधी तिकडे. फॅक्टरीत फॉस्फरचं मिश्रण बारीक सुईतून एकेका एलईडीच्या वाटीत सोडतात. मिश्रण उभं राहिलं की पावडर तळाला बसते, त्यामुळे आधीच्या थेंबात आणि नंतरच्या थेंबात पावडर सारखी नसते. शिवाय चिप पण सगळ्या अचूक ४५० च्या नसतात, कुणी ४४८ ची, कुणी ४५४ ची, आणि निळा बदलला की फॉस्फर किती गिळणार तेही बदलतं. हे कुणाला टाळता येत नाही, अगदी महागड्या कंपनीलाही नाही. त्या काय करतात तर तयार झालेली प्रत्येक एलईडी मशीनवर पेटवून मोजतात आणि रंग, उजेड आणि व्होल्टेज यांच्याप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकतात. यालाच बिनिंग म्हणतात. आंबेवाला कसा पेटी भरताना आकार आणि रंग बघून फळं वेगळी काढतो, तसंच.

आणि इथेच स्वस्त आणि महाग वेगळे होतात. ज्याला चांगली स्ट्रिप बनवायचीय तो सांगतो मला या एकाच अरुंद डब्यातला माल पाहिजे, आणि दर वेळी तोच पाहिजे, आणि त्याचे जास्त पैसे मोजतो. उरलेले डबे कुठेतरी जाणारच ना. ते स्वस्त स्ट्रिपवाल्याकडे जातात, या महिन्यात जो डबा स्वस्त मिळाला तो, पुढच्या महिन्यात दुसरा, कधी दोन तीन डबे एकत्र. स्ट्रिपचा मॉडेल नंबर मात्र तोच राहतो, कारण तो नंबर आहे पट्टीच्या मांडणीचा : एलईडीचा साइज, मीटरला किती, किती व्होल्ट, पट्टी किती रुंद. २८३५ म्हणजे फक्त २.८ बाय ३.५ मिलिमीटरची एलईडी, आत कुठली चिप आणि कुठली पावडर याबद्दल तो आकडा एक अक्षर सांगत नाही. त्यामुळे "सेम मॉडेल आहे" हे दुकानदार खोटं बोलत नाही. मॉडेल सेमच आहे.

"मग ३००० केल्विन छापलंय त्याचं काय?" हा प्रश्न काकूंच्या मुलानं विचारला आणि तो बरोबरच आहे. केल्विनचा आकडा हा एक टिंब नसून पट्टा आहे. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे ३००० म्हणून विकायला साधारण २८७० पासून ३२२० पर्यंत चालतं, म्हणजे दोन टोकांचे दोन रोल दोन्ही कायदेशीर ३००० आणि शेजारी लावले तर लांबून फरक कळणार. पण खरी गोम याच्याही पुढे आहे. केल्विन फक्त पिवळा ते निळा या दिशेचा फरक सांगतो. त्याला आडवी अजून एक दिशा आहे, हिरवा ते गुलाबी, आणि ती केल्विनच्या आकड्यात येतच नाही. दोन एलईडी मोजून अगदी ३००० भरल्या तरी एक हिरवट आणि एक गुलाबी असू शकते, आणि आमच्या हॉलमधे नेमकं तेच झालं होतं. माझ्या अनुभवात लोकांना थोडं पिवळं निळं झालेलं खपतं, पण हिरवट अजिबात खपत नाही, माणसांचे चेहरे आजारी दिसायला लागतात.

डोळ्याला किती फरक कळतो याचं माप पण आहे. १९४२ साली कोडॅकमधल्या डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी एका माणसाला बसवून रंग जुळवायला लावले, पंचवीस हजारांवर वेळा, बिचाऱ्याच्या डोळ्यांचं काय झालं असेल देव जाणे. त्यातून जी लंबगोलं निघाली त्यांच्याच पायऱ्यांत आजही हा फरक मोजतात. ३ पायऱ्यांच्या आतलं असेल तर शेजारी ठेवूनही सहसा कळत नाही, ७ पायऱ्यांचं असेल तर भिंतीवर स्वच्छ दिसतं. वर सांगितलेला ३००० चा पट्टा साधारण ७ पायऱ्यांचा आहे. चांगल्या स्ट्रिपच्या डेटाशीटवर '३ स्टेप मॅकअ‍ॅडम' असं लिहिलेलं असतं. स्वस्तवाल्याच्या खोक्यावर त्या जागी फुलपाखराचं चित्र असतं.

एक सावधगिरी, ३ स्टेप हे एका लॉटच्या आतलं वचनही असू शकतं. या लॉटमधल्या सगळ्या एकमेकींशी जुळतील, पण पुढच्या लॉटचा मध्य थोडा सरकलेला असेल. विचारायचं असेल तर असं विचारा, "वर्षभराने हाच बिन मिळेल का?"

आता तपासायचं कसं. नवा रोल शिडीवर चढून चिकटवायच्या आधीच हे करा, अर्धा तास लागतो. जुन्या स्ट्रिपचा एक तुकडा आणि नवा रोल टेबलावर घ्या, दोन्हीच्या वायरी एकाच सप्लायला एकाच टर्मिनलवर लावा, म्हणजे व्होल्टेजचा प्रश्नच उरत नाही. नव्या रोलच्या सप्लाय दिलेल्या टोकाकडचाच भाग बघायचा, आणि गुंडाळलेला रोल जास्त वेळ पेटवून ठेवायचा नाही, तापतो. सरळ एलईडीकडे बघू नका, डोळे दिपले की काही कळत नाही. पांढरा कागद समोर उभा धरा आणि दोघींचा उजेड त्याच्यावर शेजारी शेजारी पडू द्या, मधे पुठ्ठा उभा केला की रेघ स्पष्ट दिसते. काकूंकडे ड्रॉवरमधला तो १ मीटरचा तुकडा इथे कामाला आला, एका मिनिटात कळलं की घोळ वायरिंगचा नाही, मालाचा आहे.

फोटो काढून दुकानदाराला पाठवायचा असेल तर फोनच्या प्रो मोडमधे जाऊन व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर लॉक करा, नाहीतर फोन स्वतःच रंग सुधारून टाकतो आणि दुकानदार म्हणतो, "कुठाय फरक?" दोन्ही एकाच फ्रेममधे घ्या. फोनमधल्या केल्विन मोजणाऱ्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नका.

दुसरी गोष्ट बघायची ती रेझिस्टर. पट्टीवर तीन एलईडींमागे एक काळा बारीक ठोकळा असतो, त्यावर तीन आकडे. माझ्या जुन्या स्ट्रिपवर १५१ होता, म्हणजे १५ पुढे एक शून्य, १५० ओहम, म्हणजे ३ व्होल्टला २० मिलीअँपिअर. कधी कधी नव्या मालात गुपचूप २२१ बसवलेला सापडतो, २२० ओहम, मग करंट साडेतेराच्या आसपास आणि ९.६ वॅटची स्ट्रिप साडेसहाची होते. खोक्यावर ९.६ च. असं असेल तर तुम्हाला दिसतोय तो फरक मुख्यतः उजेडाचा आहे, रंगाचा कमी, मंद पांढरं डोळ्याला मळकट वाटतं एवढंच. आमच्या केसमधे तिन्हीवर १५१ च होता, म्हणून हे कारण बाद.

तिसरं, कोटिंग. जुनी स्ट्रिप उघडी आणि नवी वॉटरप्रूफ जेलवाली असेल तर एलईडी अगदी एकाच डब्यातल्या असल्या तरी रंग जुळणार नाही. जेल ओतलं की निळा उजेड बाहेर पडायला सोपं जातं आणि वॉर्म व्हाइट थंडाकडे सरकते, चांगली दोनतीनशे केल्विनने सुद्धा. आणि हलकं जेल असेल तर ते वर्ष दोन वर्षांत स्वतःच पिवळं पडतं, म्हणजे उलट दिशेला प्रवास. पाणी गळलं म्हणून लोक नेमका हाच बदल करतात, एका बाजूला वॉटरप्रूफ आणि बाकी साधी. करू नका. गळती बंद करा.

आणि हो, फडकं मारा. जुन्या स्ट्रिपवर आणि कोव्हच्या आतल्या रंगावर वर्षभराची धूळ, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघर उघडं असेल तर तेलाचा थर. तेवढ्याने जुनी बाजू पिवळी दिसते आणि दोष नव्या रोलला लागतो. मी पुसून बघितलं, थोडा फरक पडला, हिरवट काही गेलं नाही.

उपाय म्हणाल तर एलईडीचा रंग नंतर बदलता येत नाही, मांडणी बदलता येते. डोळा एकाच भिंतीवर शेजारी असलेला फरक लगेच पकडतो, पण कोपरा ओलांडला की बराच माफ करतो. आमच्याकडे मूळ चूक हीच होती की रोल संपेल तिथे जोड मारला होता, खिडकीच्या भिंतीवरचा रोल ४ मीटर संपवून कोपऱ्यावरून वळून शेजारच्या भिंतीवर १ मीटर गेला होता आणि जोड बरोबर सोफ्याच्या समोर. मग हिशोब केला. जुन्यापैकी ५ मीटरचा एक आणि ४ मीटरचा एक जिवंत, अधिक ड्रॉवरमधला १ मीटर, असे १० मीटर जुने. दोन ३ मीटरच्या भिंती आणि एक ४ मीटरची, बरोबर १० मीटर. म्हणजे तिन्ही बाजूंना पूर्ण जुना माल आणि नवा फक्त खिडकीच्या ४ मीटरवर, नव्या-जुन्याचे दोन्ही जोड कोपऱ्यात. कापायची खूण दर तीन एलईडीला, म्हणजे या स्ट्रिपमधे अडीच सेंटीमीटरला येते, त्यामुळे कोपरा गाठायला अडचण नाही. जुनी स्ट्रिप उचकटताना टेप सोडत नाही, हेअर ड्रायरने गरम करून हळू ओढा, नाहीतर टाक्यावरच तुटते. प्रत्येक भिंतीला एसएमपीएसपासून, म्हणजे १२ व्होल्टच्या सप्लायपासून, वेगळी वायर टाकली (२०० वॅटचा आहे, लोड १३५ च्या आत, आरामात).

खिडकीच्या बाजूला दोन नव्यांपैकी गुलाबी रोल लावला, हिरवा नाही. तिथे पांढरे पडदे आहेत, गुलाबी झाक त्यांच्यावर ऊबदार वाटते. हिरवा रोल किचन ओट्यावरच्या कपाटाखाली गेला, तिथे तो एकटाच आहे त्यामुळे तुलनाच नाही, काकूंना आजतागायत तो हिरवा वाटलेला नाही.

कोव्ह रुंद असेल आणि दोन ओळी मावत असतील तर अजून एक मार्ग आहे, दोन्ही रंगांच्या स्ट्रिप शेजारी शेजारी पूर्ण लांबी फिरवायच्या आणि डिमरने उजेड अर्ध्यावर आणायचा. भिंतीवर पोचेपर्यंत दोन्ही मिसळतात. खर्च दुप्पट, पण रेघ जाते. उलट ती वॉर्म-कूल रिमोटवाली दुहेरी स्ट्रिप आणून जुळवू असं कुणी म्हणालं तर आधी बघा फरक कुठल्या दिशेचा आहे. पिवळा निळा असेल तर रिमोटने जुळेल, हिरवा गुलाबी असेल तर कितीही बटणं दाबा, वॉर्म आणि कूल मिसळून तुम्ही त्या दोघांमधल्या रेषेवरच पुढेमागे सरकता, आडवं जाता येत नाही.

नवीन काम करणार असाल तर सगळे रोल एकदम घ्या, एक जास्तीचा घ्या, आणि चंदेरी पाकिटावर लॉट किंवा बिनचा स्टिकर असतो तो सगळ्यांवर एकच आहे का ते दुकानातच बघा. स्टिकरच नसेल तर दुकानात सगळे रोल एकत्र पेटवून बघायला सांगा, देतात, थोडं तोंड वाकडं करून का होईना. मी काकूंच्या गुलाबी रोलचा स्टिकर एसएमपीएसच्या झाकणाच्या आत चिकटवलाय आणि त्यातला उरलेला १ मीटर त्याच ड्रॉवरमधे ठेवलाय, यावेळी वर मार्करने 'खिडकी' लिहून.